पाळीची कळ, खाडा आणि काढलेली पिशवी

चैत्र पौर्णिमा जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक ठरलेली मागणी सुरू होते. "डॉक्टर, जोतिबाला जायचंय, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या." सासनकाठ्या डोंगरावर चढायच्या आधीचे आठ-दहा दिवस तर हे रोज ऐकायला मिळते. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि ती कधी कधी नेहमीपेक्षा जास्त त्रास देते, हे मी प्रत्येकीला सांगतो. पण मला खटकते ते वेगळेच. यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायला येणारी मुलगी दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवून पोट धरून झोपते, हे मात्र मी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तो 'आजार' आहे असे घरात कोणालाच वाटत नसते.

आज या दुखण्याच्या इतिहासाबद्दल लिहितो आहे. इतिहास अशासाठी, की या दुखण्याला दोनच उत्तरे दीर्घकाळ दिली गेली: एक, 'बाईच्या जातीला हे असतंच, सहन कर', आणि दुसरे, 'अवयवच काढून टाका'. दुसरे उत्तर आपल्या महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत दिले जात होते.

सुरुवात अमेरिकेत झाली. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या रॉबर्ट बॅटी या सर्जनने दर महिन्याला तीव्र त्रास होणाऱ्या एका तरुणीचे बीजकोश काढून टाकले. बीजकोश म्हणजे ज्यात स्त्रीबीज तयार होते ते अवयव. त्याचा तर्क सरळ होता: पाळीचे चक्र बीजकोश चालवतात, ते काढले की चक्र थांबेल आणि त्रासही. त्याच वर्षी जर्मनीत हेगार आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढची वीस-पंचवीस वर्षे पाळीच्या वेदनांपासून 'हिस्टेरिया'पर्यंत अनेक कारणांसाठी अनेक स्त्रियांचे बीजकोश काढले गेले, आणि त्यातले पुष्कळसे निरोगी होते. काही जणी शस्त्रक्रियेतच दगावल्या. ज्या वाचल्या त्यांची पाळी ऐन तरुणपणी कायमची गेली. १९०० च्या आसपास ही पद्धत मागे पडली. मग डॉक्टरांनी दुसरे टोक गाठले. तपासणीत काही सापडत नाही, म्हणजे दुखणे मनाचे. ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तकांतही होती.

खरे कारण हळूहळू हाती आले. १९५७ मध्ये व्ही. आर. पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा एक पदार्थ असल्याचे दाखवले. पुढे कळले की ही प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये आहेत, आणि १९६५ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांच्या स्रावातील या द्रव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना खूप दुखते त्यांच्यात ती जास्त असतात, हे नंतरच्या कामातून पक्के झाले. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होणेच थांबवतात हे दाखवले. त्या कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शरीरात नेमके काय होते ते समजून घ्या. पाळी येण्याआधी एक संप्रेरक झपाट्याने कमी होते आणि गर्भपिशवीचे आतले अस्तर सुटू लागते. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन बाहेर पडते. पिशवीचा स्नायू त्यामुळे जोरात आवळला जातो, इतका की त्यातल्या रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूलाच रक्त कमी पडते. पायाला घट्ट दोरी बांधून चालायला लागलात तर पोटरी जशी ठणकेल, तसेच काहीसे हे. हेच द्रव्य रक्तात आणि आतड्यापर्यंत पोचले की उलटी, जुलाब, चक्कर होते. म्हणजे 'नाटक करते' असे ज्या मुलीला म्हणतात, तिच्या शरीरात मोजता येईल असे काही घडत असते.

आता एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतली दहावीतली मुलगी. पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली, पहिले वर्ष काहीच त्रास नव्हता, मग दुखू लागले. आईला हेच विचित्र वाटत होते: "आधी बरं होतं, आताच काय झालं?" मला मात्र त्यानेच धीर आला. सुरुवातीच्या कित्येक पाळ्यांत स्त्रीबीज बाहेर पडत नाही, आणि बीज बाहेर न पडता आलेल्या पाळीत हे द्रव्य कमी असते. चक्र पक्के झाले की दुखणे सुरू होते. तिच्या कळा स्राव सुरू होण्याच्या दोन-तीन तास आधी येत, बेंबीखाली मधोमध, मांड्यांपर्यंत जात, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असत आणि दोन दिवसांत पूर्ण थांबत. उरलेला महिना ठणठणीत. हा साध्या, म्हणजे मागे दुसरा आजार नसलेल्या, दुखण्याचा नमुना आहे. साधे म्हणजे सौम्य नव्हे, हे लक्षात घ्या. तिची दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडत होती.

ती गोळी घेत होती, पण दुखणे असह्य झाल्यावर, उपाशीपोटी, आणि एकच. तीही उलटीत पडत असे. द्रव्य तयार होऊन गेल्यावर ते थांबवणारे औषध घेऊन काय उपयोग? तिला मी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवण किंवा बिस्किटांनंतर, पहिली कळ जाणवताच, आणि मग दर आठ तासांनी पहिले दोन दिवस घ्यायला सांगितले. सोबत पोटावर गरम पाण्याची पिशवी. तिसऱ्या पाळीला ती फक्त दुपारपर्यंत घरी राहिली. ही गोळी सगळ्यांसाठी नाही. दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भ राहिल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडे घरोघरी असलेल्या मेफेनामिक ॲसिडच्या गोळीबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस एक सूचना दिली होती: क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर ॲलर्जी येऊ शकते. गोळी घेतल्यावरच्या काही आठवड्यांत असे झाले तर ती थांबवून लगेच दाखवा.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी चहूकडे ऊस आहे. दिवाळीच्या सुमारास तो तोडायला मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, टोळ्या येतात आणि शेताकडेला पाली ठोकतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले की 'खाडा'. त्याचे साधारण ५०० रुपये कापले जातात. पाळीच्या पहिल्या दिवशी मोळ्या उचलून ट्रकवर चढवता येत नाहीत, पण खाडाही परवडत नाही. पालीत मोरी नाही, पाणी जेमतेम.

एप्रिल २०१९ मध्ये बातम्या आल्या की बीडमधल्या कित्येक ऊसतोड बायकांनी ऐन तिशीच्या आत-बाहेर गर्भपिशवी काढून घेतली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये विधिमंडळात सांगितले गेले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांत एक. सगळ्याच केवळ पाळीच्या कळांसाठी नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव, ओटीपोटातले दुखणे, आणि 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' ही घातलेली भीती, हे सारे त्यात होते. १८७२ आणि २०१९ यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे कारण न शोधता अवयव काढला गेला. बॅटीला प्रोस्टाग्लँडिन माहीत नव्हते, एवढी तरी सबब त्याच्याकडे होती.

अशीच एक एकोणतीस वर्षांची बाई एका हंगामात माझ्याकडे आली होती. गावाकडे तिला पिशवी काढायला सांगितले होते. मी प्रश्न विचारले तसे चित्र वेगळेच निघाले. दोन बाळंतपणांपर्यंत तिला पाळीत कधीच त्रास नव्हता, तो गेल्या दोन वर्षांतला. दुखणे पाळीच्या चार दिवस आधी सुरू होई आणि पाळी संपली तरी राही. अंगावरून वास येणारे पांढरे जाई, शरीरसंबंधाच्या वेळी दुखे, मधून कणकण येई. या नमुन्यात केवळ वेदनाशामक गोळी पुरत नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. निदान निघाले ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचे. चौदा दिवस अँटिबायोटिक्स, नवऱ्यालाही उपचार. दुखणे गेले, पिशवी राहिली. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्या या बायकांना मी वेदनाशामक गोळ्याही जपून देतो, कारण शरीरातले पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

तेव्हा तुम्ही आमच्याकडे याल तेव्हा 'खूप दुखतं' एवढ्यावर थांबू नका, वेळापत्रक सांगा. दुखणे पाळीच्या किती आधी सुरू होते, कितव्या दिवशी थांबते, मधल्या दिवसांत असते का, शौचाला किंवा लघवीला जाताना वाढते का, वर्षागणिक वाढत चालले आहे का. गोळी वेळेवर आणि पूर्ण मात्रेत घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर तज्ज्ञांना दाखवायला हवे, वय पंधरा असले तरी. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणे, या आजारात सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. 'सोनोग्राफीत काही नाही' हे ऐकून मुलीला परत शाळा बुडवायला घरी पाठवू नका. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मीही तसे पाठवले आहे.

आणि कोणी पिशवी काढायला सांगितले, तर आधी विचारा: निदान काय आहे, औषधाने किती महिने उपचार झाले, आणि बीजकोशही काढणार का? बीजकोश गेले की पाळीपश्चातचा काळ लगेच सुरू होतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्या बातम्यांनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. कोल्हापुरात असा कागद मागितला जात नसेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत तुम्ही स्वतःच घ्या.