पाऊणशे घरे, तीन आकार

दाट वस्तीसाठी उंच इमारती हव्यात, या मताला १९३० साली वॉल्टर ग्रोपियस या वास्तुविशारदाने ब्रुसेल्सच्या परिषदेत गणिताचा आधार दिला. इमारतींच्या समांतर रांगांना प्रकाश सारख्याच कोनातून मिळावयाचा असेल, तर मजले वाढतील तशी त्याच भूमीवर अधिक माणसे मावतात, असे त्याने दाखविले.

१९९९ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉजर्स यांच्या समितीने हाच प्रश्न उलटा मांडला. एका हेक्टरवर ७५ घरे कायम ठेवून तिने तीन रचना रेखाटल्या: एकाकी मनोरा, रांगेतील घरे आणि चौकाभोवतीची मध्यम उंचीची इमारत.

दर घर ८० चौरस मीटरचे धरले, तर जिने वगळून ६,००० चौरस मीटर बांधकाम होते. दोन मजली रांगघरे भूमीचा शेकडा ३० भाग व्यापतात, चार मजली इमारती १५, तर पंधरा मजली मनोरा अवघा ४. म्हणजे पहिले दोन मजले चढविल्याने १५ भाग मोकळे होतात. पुढच्या अकरा मजल्यांनी केवळ ११. त्यासाठी लिफ्टचा कायमचा खर्च येतो आणि अंगणातले मूल आईच्या हाकेपलीकडे जाते. शिवाय रांगघराचे परसू त्या घराचे असते, चौक शेजाऱ्यांचा असतो. मनोऱ्याभोवतीचे मैदान मात्र बहुधा कोणाचेच नसते.

या हिशेबालाही मर्यादा आहे. घरे ३०० झाली, तर दोन मजली रांगा हेक्टरभर भूमीतही मावत नाहीत आणि चार मजली इमारती तिचा शेकडा ६० भाग गिळतात. तेथे मात्र उंच चढणे भागच पडते.