सायफन कॉफी: पाणी वर का चढते, कपात काय उतरते आणि हे यंत्र कोणासाठी आहे

खाली काचेचा गोल चंबू, त्यावर काचेचे उभे भांडे आणि दोघांना जोडणारी एक नळी. चंबूखाली स्पिरिटचा दिवा पेटवला की काही मिनिटांत खालचे पाणी नळीतून वर जाते आणि वरच्या भांड्यात कॉफीच्या पुडीत मिसळते. दिवा काढला की तयार झालेली कॉफी गाळली जाऊन खाली चंबूत येते आणि चोथा वरच राहतो. या यंत्राला सायफन किंवा व्हॅक्यूम पॉट म्हणतात.

हे यंत्र नवीन नाही. बर्लिनमध्ये १८३० च्या दशकात अशी भांडी वापरली जात होती. फ्रान्समधील ल्यों शहरातल्या मादाम वासिए यांनी १८४१ मध्ये दोन काचेच्या गोळ्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या काळची काच उष्णतेने सहज तडकत असे. विसाव्या शतकात उष्णता सहन करणारी बोरोसिलिकेट काच आली आणि यंत्र घरात वापरण्याजोगे झाले. पुढे जपानमधील कॉफीगृहांनी ही पद्धत जपली. हारिओ आणि कोनो या जपानी कंपन्यांचे सायफन आज जगभर वापरले जातात.

पाणी वर कसे जाते?

‘सायफन’ हे नाव थोडे फसवे आहे. टाकीतले पाणी नळीने उंचवट्यावरून खालच्या पातळीवर आणण्याच्या क्रियेला सायफन म्हणतात. या यंत्रात तसे काही घडत नाही. येथे काम करतो तो चंबूच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक.

चंबूत पाण्याच्या वर थोडी हवा अडकलेली असते. वरच्या भांड्याच्या बुडाशी रबरी रिंग असते. कुकरच्या झाकणातल्या रिंगप्रमाणे ती चंबूचे तोंड घट्ट बंद करते. नळीचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते. पाणी तापू लागले की आतली हवा प्रसरण पावते आणि तिच्यात वाफ मिसळत जाते. आतला दाब वाढला की तो पाण्याला खाली रेटतो आणि पाण्याला जायला नळी हा एकच मार्ग उरतो.

यासाठी फार मोठा दाब लागत नाही. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. सायफनमध्ये पाणी चढवायचे असते ते जेमतेम १५ सेंटीमीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड टक्का जादा दाब पुरतो. त्यामुळे पाणी वर जाण्यासाठी ते उकळावेच लागते, हा समज बरोबर नाही.

मग वर पोहोचणारे पाणी किती गरम असते? कॉफीची चव बऱ्याच अंशी यावरच ठरते, म्हणून एका उदाहरणाने पाहू. ४०० मिलिलिटरच्या चंबूत ३०० मिलिलिटर पाणी घातले, तर हवेला १०० मिलिलिटर जागा उरते. जवळजवळ सगळे पाणी वर गेल्यावर तीच हवा चौपट जागेत पसरते. ती तापलेली असली तरी तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होतो. बाकीचा सुमारे ७० टक्के दाब वाफेने पुरवावा लागतो आणि पाण्याच्या वाफेचा दाब तेवढा होतो ९० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे शेवटचे पाणी वर जाते तेव्हा ते साधारण ९० अंशांवर असते. कॉफीसाठी हे तापमान चांगले आहे.

मात्र वरचे भांडे चंबूवर केव्हा घट्ट बसवले, यावर हे गणित अवलंबून असते. पाणी थंड असतानाच भांडे बसवले तर कोमट पाणी आधीच वर जाऊ लागते. उलट, पाणी जोरात उकळेपर्यंत थांबले तर वाफेने चंबूतली हवा बाहेर घालवलेली असते. मग दाब जवळजवळ पूर्णपणे वाफेचाच असतो आणि पाणी १०० अंशांच्या जवळ असतानाच एकदम वर उसळते. अशा पाण्यात कॉफी कडवट होतेच, शिवाय हात भाजण्याचा धोकाही असतो.

कॉफी खाली का येते?

दिवा काढल्यावर चंबू थंड होऊ लागतो आणि आतल्या वाफेचे पुन्हा पाणी होते. वाफेने व्यापलेली जागा रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खाली जातो. आता बाहेरची हवा वरच्या भांड्यातील कॉफीवर दाब देते आणि तिला गाळणीतून खाली ढकलते. चंबू कॉफी ओढून घेतो असे दिसते, पण खरा जोर वरून असतो. सगळी कॉफी उतरली की तिच्यामागून हवा चोथ्यातून खाली शिरते आणि चंबूत बुडबुडे उठतात. उतरण संपल्याची ती खूण.

एक कृती, प्रमाणासह

दोन माणसांसाठी ३०० मिलिलिटर पाणी आणि २० ग्रॅम कॉफी घ्यावी. दळण बारीक रव्याइतके असावे आणि शक्यतो त्याच वेळी दळावे.

गाळणी म्हणजे धातूच्या चकतीवर ताणून बांधलेले कापड. ते आधी गरम पाण्यात भिजवून वरच्या भांड्याच्या बुडाशी बसवतात. गाळणीला स्प्रिंग आणि मण्यांची साखळी असते. साखळी नळीतून खाली ओढून टोकाचा आकडा नळीच्या काठाला अडकवायचा. साखळीचे काम एवढ्यावर संपत नाही. गुळगुळीत काचेत पाणी कधीकधी बुडबुडे न येता उत्कलनबिंदूपलीकडे तापते आणि अचानक उसळते. साखळीच्या मण्यांवर बुडबुडे सहज तयार होतात, त्यामुळे ही उसळी टळते. म्हणून साखळी पाण्यात लोंबती असायलाच हवी.

चंबूत किटलीतले गरम पाणी घातले तर वेळ वाचतो. दिवा लावण्यापूर्वी चंबू बाहेरून कोरडा पुसावा, कारण ओल्या काचेला ज्योत लागली की ती तडकू शकते. वरचे भांडे सुरुवातीला तिरके टेकवून ठेवावे, दाबून बसवू नये. साखळीवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटू लागली की भांडे सरळ करून घट्ट बसवावे. अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाणी वर जाते. नळीच्या टोकाखाली थोडे पाणी उरते आणि ते उरायलाच हवे. त्याची वाफ वरचे पाणी तोलून धरते.

आता ज्योत कमी करावी. वर येणारे मोठे बुडबुडे मंदावले की कॉफी घालून बांबूच्या पट्टीने सगळी पूड भिजेल इतकेच हलवावे. एका मिनिटाने दिवा काढावा आणि दोन-तीन वेळा गोल ढवळावे. कॉफी ३० ते ६० सेकंदांत खाली उतरायला हवी.

काय बिघडले, हे कसे ओळखावे?

उतरायला लागणारा वेळ सर्वांत जास्त सांगून जातो. दीड मिनिट झाले तरी कॉफी वरच असेल, तर दळण फार बारीक आहे किंवा कापड तुंबले आहे. दरम्यान वरची पूड मुरत राहते आणि कॉफी तुरट, कडू होते. वीस सेकंदांच्या आत सगळी उतरली आणि चव पाणचट, आंबट लागली, तर दळण जाड आहे. कपात गाळ आला तर गाळणी एका बाजूला सरकलेली असते.

पाणी चढतच नसेल, किंवा दिवा काढल्यावर कॉफी अर्ध्यावर थांबत असेल, तर रिंगमधून हवा जात आहे. रिंग ओली करून पुन्हा बसवावी. ती कडक झाली असेल तर बदलावी. चोथ्याचा आकारही पाहावा. मधे गुळगुळीत उंचवटा झाला असेल, तर पाणी सगळ्या पुडीतून सारखे गेले आहे.

कापडाची निगा हा या यंत्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग. साबणाचा वास कापडात राहतो, म्हणून ते फक्त गरम पाण्याने धुतात आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात. वाळू दिले तर त्यातले कॉफीचे तेल खवट होते आणि तोच वास पुढच्या कपात येतो.

चव कशी असते?

येथे सगळी पूड सगळ्या पाण्यात एकत्र मुरते आणि खालच्या वाफेमुळे तापमान फारसे उतरत नाही. कापड बारीक गाळ अडवते, पण कागदाइतके तेल शोषत नाही. त्यामुळे ही कॉफी फ्रेंच प्रेसपेक्षा स्वच्छ आणि कागदी गाळणीच्या कॉफीपेक्षा किंचित भरीव लागते. सुगंध ठळक असतो. हलक्या ते मध्यम भाजलेल्या अरेबिकाचा, उदाहरणार्थ चिकमगळूरच्या चांगल्या बियांचा, फळासारखा आंबटगोडपणा येथे स्पष्ट जाणवतो. गडद भाजलेल्या बिया मात्र अधिक कडू होतात. कॉफी चंबूत फार गरम असते, म्हणून चार-पाच मिनिटे थांबून प्यावी. निवल्यावर तिची चव उलगडते.

कोणासाठी योग्य?

बिनदुधाची कॉफी आवडणाऱ्या आणि तयारीपासून धुण्यापर्यंत अर्धा तास देऊ शकणाऱ्या व्यक्तीला हे यंत्र आवडेल. दोघा-तिघांसाठी एकाच वेळी करायला ते सोयीचे आहे. एकट्यापुरता एक कप करायचा तर चंबूत पाणी कमी आणि हवा जास्त होते. मग पाणी कमी तापमानालाच वर जाते आणि कॉफी फिकी होते.

दूध-साखरेची कॉफी हवी असेल तर सायफनचा उपयोग नाही. त्यासाठी फिल्टर कापीसारखा दाट डिकॉक्शन लागतो आणि सायफनची कॉफी दुधात हरवून जाते. चिकोरी मिसळलेली पूडही येथे नको. ती कापड लवकर तुंबवते. सकाळी घाई असणाऱ्या घरात, किंवा ओट्यापर्यंत लहान मुलांचे हात पोहोचतात तिथे, उघडी ज्योत आणि वर तोललेले गरम पाणी हा नको असलेला धोका आहे. विकत घेण्यापूर्वी त्याच मापाचे कापड, रिंग आणि सुटा चंबू मिळतो का, हेही पाहून घ्यावे. काच कधीतरी फुटतेच, आणि सुटे भाग मिळत नसतील तर संपूर्ण यंत्र निकामी होते.