हिऱ्याचा तिसरा अंक

तांब्याचा हंडा लोणीच्या बाजारात घेतलेला असो की पुण्याच्या तांबट आळीत घडविलेला असो, त्याच्या पत्र्याचा तुकडा उभा ताणला काय अन् आडवा ताणला काय, त्याच्या प्रतिकारात सहसा फारसा फरक आढळत नाही. ह्यावरून तांबे सर्व दिशांनी सारखेच ताठ असते असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो समज खरा नव्हे. पत्र्यात असंख्य सूक्ष्म स्फटिक निरनिराळ्या दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि आपल्या अनुभवास येते ती त्यांची सरासरी होय. तांब्याचा एकच अखंड स्फटिक घेऊन तो घनाच्या कडेच्या दिशेने ताणल्यास यंगचा गुणांक सुमारे ६७ गिगापास्कल भरतो. घनाच्या अंतःकर्णाच्या दिशेने ताणल्यास तोच सुमारे १९१ होतो. धातू तोच, अणू तेच. बदलली ती केवळ दिशा.

हा दिशाभेद नेमका किती, ह्या प्रश्नाचे उत्तर अवघ्या तीन अंकांवर अवलंबून असते. त्यांपैकी एक अंक हाती लागण्यास किती कठीण असतो, हे हिऱ्याच्या इतिहासावरून उत्तम प्रकारे कळून येते. प्रस्तुत टिपणात तेवढाच इतिहास पाहावयाचा आहे.

स्फटिकांच्या स्थितिस्थापकतेस आज रूढ असलेली अंकनपद्धती जर्मन शास्त्रज्ञ व्होल्डेमार फोग्ट ह्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या स्फटिकात कसलीच सममिती नाही त्याच्या वर्णनास एकवीस ताठरता-स्थिरांक लागतात. घनीय स्फटिकाला तीन पुरतात. c₁₁ हा कडेच्या दिशेने होणाऱ्या ताणाचा स्थिरांक, c₄₄ हा कडांमधील काटकोन बिघडविणाऱ्या कर्तनाचा, आणि c₁₂ हा एका कडेवरील ताण दुसऱ्या कडेवर किती परिणाम करतो हे सांगणारा. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिले दोन कर्ता व कर्म, आणि तिसरा त्यांच्यातील संबंध दाखविणारा प्रत्यय. प्रत्ययाप्रमाणेच हा तिसरा अंक सुटा उच्चारता येत नाही. तो इतरांच्या संगतीतच प्रकट होतो.

हे तीन अंक उलटून काढलेले अनुवर्तिता-स्थिरांक s₁₁, s₁₂, s₄₄ घेतले म्हणजे कोणत्याही दिशेचा गुणांक पुढील सूत्राने मिळतो:

1/E = s₁₁ − 2(s₁₁ − s₁₂ − s₄₄/2)(l²m² + m²n² + n²l²)

येथे l, m, n ह्या त्या दिशेच्या कोज्या होत. शेवटच्या कंसाचे मूल्य कडेच्या दिशेने शून्य, पृष्ठकर्णाच्या दिशेने एकचतुर्थांश आणि अंतःकर्णाच्या दिशेने एकतृतीयांश असते. पहिला कंस शून्य असता तर दिशेचा प्रश्नच उरला नसता. हिऱ्यात तो शून्य नाही, ह्याचे कारण बंधांच्या मांडणीत आहे. कार्बनचे बंध अंतःकर्णांच्या दिशेने रोखलेले असतात. त्या दिशेने ओढल्यास एक बंध सरळच लांबवावा लागतो. कडेच्या दिशेने ओढल्यास मात्र बंधांमधील कोन बदलून स्फटिक काही अंशी वाट देतो. आणि बंध लांबविण्यापेक्षा कोन वाकविणे सोपे असते.

आता मापनाकडे वळू. हिऱ्याचे हे तीन स्थिरांक सूरी भगवंतम् व भीमसेनाचार ह्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठाशी निगडित असलेले हे कार्य श्राव्यातीत तरंगांवर आधारलेले होते. अशा पद्धतीचे तत्त्व असे की, स्फटिकाच्या पातळ पट्टीची जाडी तरंगलांबीच्या निम्म्याच्या पूर्ण पटीत आली म्हणजे पट्टीतून तरंग विशेष जोराने पार होतो. एक मिलिमीटर जाडीच्या हिऱ्यात कडेच्या दिशेने जाणाऱ्या अनुदैर्घ्य तरंगाच्या बाबतीत हे सेकंदाला सुमारे ८७ लाख कंपनांच्या आसपास घडते. त्यावरून वेग, आणि वेगाच्या वर्गास घनतेने गुणून स्थिरांक मिळतो. वर्गामुळे वेगातील शेकडा एक चूक स्थिरांकात शेकडा दोन होते, हे ध्यानात ठेवावे.

त्यांचे अंक आजच्या एककात c₁₁ = ९५०, c₁₂ = ३९० व c₄₄ = ४३० गिगापास्कल असे होते. पुढे १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे मॅकस्किमिन व बाँड ह्यांनी श्राव्यातीत स्पंदांच्या साह्याने पुन्हा मापन केले. त्यांचे अंक अनुक्रमे १०७६, १२५ व ५७६ असे आले. पहिल्यात शेकडा तेरा, तिसऱ्यात शेकडा चौतीस वाढ. पण c₁₂ मात्र एकतृतीयांशावर उतरला.

एवढी उलथापालथ एकाच अंकात का व्हावी? पृष्ठकर्णाच्या दिशेने जाणाऱ्या अनुदैर्घ्य तरंगाचा वेग (c₁₁ + c₁₂ + 2c₄₄)/2 ह्या संयुक्त राशीवरून ठरतो. पहिल्या अंकांनी ती राशी ११०० येते, दुसऱ्यांनी सुमारे ११७७. म्हणजे अंतर केवळ शेकडा सात, आणि वेगात तर साडेतीनच. परंतु ह्या राशीतून c₁₂ काढावयाचा तर c₁₁ आणि c₄₄ ची दुप्पट वजा करावी लागते. c₄₄ मध्ये १४६ चे अंतर असेल तर त्यापायी c₁₂ मध्ये २९२ चे अंतर पडते. मोठ्या राशींच्या वजाबाकीतून उरणाऱ्या लहान बाकीवर सर्व चुकांचा भार येऊन पडतो.

ह्या फरकाचा परिणाम मूळ प्रश्नावरच होतो. १९४६ च्या अंकांनी यंगचा गुणांक कडेच्या दिशेने ७२३ व अंतःकर्णाच्या दिशेने १०३३ येतो. फरक शेकडा त्रेचाळीस. १९५७ च्या अंकांनी तेच १०५० व १२०५ होतात. फरक शेकडा पंधरा. हिरा दिशेनुसार बदलतो हे दोन्ही पक्षी खरे, पण किती बदलतो ह्याचे उत्तर पार वेगळे.

सिद्धांताची साक्षही येथे फसवी ठरली असती. माक्स बॉर्न ह्यांच्या १९१४ च्या जालक-सिद्धांतानुसार, शेजारच्या अणूंमधील दोनच बले गृहीत धरली तर 4c₁₁(c₁₁ − c₄₄)/(c₁₁ + c₁₂)² ह्याचे मूल्य एक यावयास हवे. १९४६ च्या अंकांनी ते १.१० येते, १९५७ च्या अंकांनी १.४९. सिद्धांताशी अधिक जुळणारे म्हणून कोणी पहिले अंक स्वीकारले असते तर त्यास तर्कदोषी म्हणता आले नसते. तरीही तो चुकीच्या बाजूस गेला असता. दोष गृहीतकात होता: दूरच्या अणूंचा व इतर प्रकारच्या बलांचा हिशेब त्यात नव्हता.

निर्णय झाला तो वेगळ्याच मार्गाने. पुणे विद्यापीठात शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन करणारे अनंत रामदास व त्यांचे सहकारी ग्रिम्सडिच ह्यांनी १९७५ साली हिऱ्यावरील ब्रिल्वाँ प्रकीर्णनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्फटिकात उष्णतेमुळे ध्वनितरंग सतत चालूच असतात. त्यांवरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाची वारंवारता किंचित ढळते आणि त्या ढळण्यावरून वेग कळतो. येथे पट्टीची जाडी मोजावी लागत नाही, की स्फटिकास कंपक चिकटवावा लागत नाही; म्हणून त्या बाजूने येणाऱ्या चुकाही येथे शिरत नाहीत. त्यांचे अंक १०७६, १२५ व ५७७ असे आले.

दोन स्वतंत्र पद्धती c₁₂ सारख्या चंचल अंकावर एकत्र आल्या, हे विशेष महत्त्वाचे. c₁₁ जुळला असता तर ती फार मोठी कसोटी ठरली नसती. घनीय स्फटिकाचे कोणतेही कोष्टक वाचताना प्रथम हाच तिसरा अंक पाहावा आणि तो कोणत्या वजाबाकीतून आला हे विचारावे. कारण दिशाभेद दर्शविणाऱ्या 2c₄₄/(c₁₁ − c₁₂) ह्या गुणोत्तराच्या छेदात तोच बसलेला असतो.