बनावट क्षमतेचा पेन ड्राइव्ह

बनावट क्षमतेचा पेन ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात बसवलेल्या स्मृतीपेक्षा अधिक साठवणक्षमता असल्याचे संगणकाला कळवणारा पेन ड्राइव्ह होय. वेष्टनावर ६४ जीबी छापलेल्या आणि संगणकावरही तेवढीच क्षमता दाखवणाऱ्या अशा ड्राइव्हमध्ये केवळ ८ जीबीची स्मृती असू शकते. फाइली साठवताना बहुधा कोणतीही त्रुटी दिसत नाही. त्यामुळे नुकसान अनेकदा मूळ प्रत पुसून टाकल्यानंतरच लक्षात येते.

## कार्यपद्धती

पेन ड्राइव्हमध्ये माहिती साठवणारी फ्लॅश चिप आणि तिचे व्यवहार सांभाळणारी कंट्रोलर चिप असे दोन मुख्य भाग असतात. संगणक फ्लॅश चिपशी थेट संपर्क साधत नाही. ड्राइव्हमध्ये किती सेक्टर आहेत हे तो कंट्रोलरला विचारतो आणि मिळालेले उत्तर खरे मानतो. ही संख्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये नोंदवलेली असते. ती नोंदवण्यासाठी कारखान्यात वापरले जाणारे सॉफ्टवेअर हाती असल्यास ती बदलताही येते.

एक सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास ८ जीबीमध्ये १ कोटी ५६ लाख २५ हजार सेक्टर मावतात. बनावट ड्राइव्ह मात्र ६४ जीबीला साजेसा १२ कोटी ५० लाख हा आकडा सांगतो. खऱ्या मर्यादेपलीकडील सेक्टरवर लिहिण्याचा आदेश आल्यास साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट घडते. काही ड्राइव्ह ती माहिती टाकून देतात आणि तरीही ती लिहिली गेल्याचे कळवतात. काही ड्राइव्ह क्रमांक पुन्हा आरंभापासून मोजतात. अशा वेळी नवी माहिती जुन्या माहितीवर लिहिली जाते आणि आधी सुरक्षित असलेल्या फाइलीही नष्ट होतात.

फाइलींची नावे व आकार यांचा तक्ता सामान्यतः ड्राइव्हच्या आरंभीच्या भागात असतो. तो शाबूत राहिला तर हरवलेल्या फाइलीही यादीत योग्य नावाने आणि आकाराने दिसतात. परंतु उघडल्यावर छायाचित्र अर्धवट दिसते किंवा चित्रफीत चालत नाही.

## तपासणी

संगणकावर दिसणारी क्षमता पाहून खरेखोटेपणा ठरत नाही, कारण तो आकडा कंट्रोलरनेच दिलेला असतो. जलद फॉरमॅटमध्ये केवळ आरंभीचे तक्ते नव्याने लिहिले जातात. सर्वत्र शून्ये लिहिणारे पूर्ण फॉरमॅटही पुरेसे नाही. एका जागेची शून्ये दुसऱ्या जागी वाचली गेली तरी फरक ओळखता येत नाही.

म्हणून विश्वासार्ह चाचणीत संपूर्ण ड्राइव्ह भरला जातो आणि प्रत्येक सेक्टरमध्ये त्याच्या स्थानानुसार वेगळी माहिती लिहिली जाते. त्यानंतर ती सर्व वाचून पडताळली जाते. विंडोजवर `H2testw` आणि लिनक्सवर `F3` ही सॉफ्टवेअरे याच पद्धतीने काम करतात. ड्राइव्हमधील माहिती आधी अन्यत्र उतरवून तो रिकामा करावा लागतो. त्यानंतर लिनक्सवर पुढील आदेश दिले जातात. त्यांतील मार्ग ड्राइव्हच्या प्रत्यक्ष मार्गानुसार बदलावा लागतो.

```
f3write /media/user/PEN
f3read /media/user/PEN
```

दोन आदेशांच्या मध्ये ड्राइव्ह सुरक्षितपणे काढून पुन्हा जोडल्यास पडताळणी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून न होता ड्राइव्हमधूनच होते.

वरील उदाहरणातील ड्राइव्हने जादा माहिती टाकून दिली असल्यास `Data OK` या ओळीत सुमारे ७.४ आणि `Data LOST` या ओळीत सुमारे ५२ जीबी दिसतात. अस्सल ड्राइव्हमध्ये `Data LOST` शून्य असते. एका सेक्टरमध्ये दुसऱ्या स्थानाची माहिती आढळल्यास ती `Overwritten` या ओळीत मोजली जाते. आरंभापासून पुन्हा लिहिणाऱ्या ड्राइव्हची ही खूण आहे.

## मर्यादा

या चाचणीला वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी या गतीने ६४ जीबी लिहिण्यास सुमारे पावणेदोन तास जातात आणि वाचण्याचा वेळ निराळा असतो. `f3probe` हा आदेश निवडक सेक्टर तपासून थोड्या वेळात उत्तर देतो, परंतु सर्व सेक्टर निर्दोष असल्याची खात्री त्यातून होत नाही. पूर्ण चाचणीत माहिती हरवली म्हणजे ड्राइव्ह बनावटच आहे असेही नाही. झिजलेल्या किंवा सदोष चिपमुळेही तसे घडू शकते. मात्र हरवलेला भाग एका ठरावीक मर्यादेपासून सलग सुरू होत असेल, तर बनावट क्षमतेचा संशय बळावतो.

विंडोजवर ६४ जीबीचा ड्राइव्ह सुमारे ५९.६ जीबीचा दिसणे हे बनावटपणाचे लक्षण नाही. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. एवढ्याने हा फरक पडतो.

बनावट ड्राइव्हवर खऱ्या क्षमतेएवढेच विभाजन तयार करून तो वापरता येतो. तथापि अशा ड्राइव्हमधील चिप अनेकदा हलक्या प्रतीची असल्याने महत्त्वाच्या माहितीची एकमेव प्रत त्यावर ठेवणे धोक्याचे ठरते.