‘आय हॅज’ की ‘आय हॅव’?

2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. वैरागला मी शाळेत गेलो तो त्यानंतर. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी, पण सगळं वहीत. तोंडातून निघायचं ते फक्त उभं राहून धडा वाचताना, आणि उच्चार चुकला की वर्ग हसायचा. पुढं पुण्यात नोकरी लागली, तर रोजच्या मीटिंगमध्ये मी ‘आय हॅज’ की ‘आय हॅव’ इथंच अडायचो.

वाटायचं, हे गावाकडच्यांचंच दुखणं. पण 1986 साली एलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी या भीतीवर 33 विधानांची प्रश्नावली काढली, ती स्पॅनिश शिकणाऱ्या अमेरिकन पोरांवरून! तिच्या मुळाशी होतं आपलं ओळखीचंच: लोक काय म्हणतील. अर्धं लक्ष स्वतःवर पहारा करण्यात जातं, मग शब्द वेळेवर सापडत नाहीत.

मला उपयोगी पडली ती कीथ मॉरिस यांनी 1983 साली मांडलेली रीत. एकच गोष्ट तीन वेगळ्या माणसांना सांगायची: आधी 4 मिनिटांत, मग 3, मग 2. मी ‘काल पेमेंट का अडकलं’ हे आधी रूममेटला सांगितलं, मग दुसऱ्या मित्राला, शेवटी टीममधल्या एकाला. विषय पाठ असल्यानं डोकं फक्त भाषेला मोकळं राहिलं. तिसऱ्या वेळी ‘अं… अं…’ कमी झालं, तीच खूण.

चुका मात्र तिन्ही वेळा त्याच होतात. म्हणून मी पहिलं सांगणं फोनवर रेकॉर्ड करतो आणि दुसऱ्याआधी त्यातली एकच चूक सुधारतो. ‘हॅज’ असाच गेला.