क्लोज्ड कॅप्शन वेगळ्या काढणे

दूरचित्रवाणीच्या मुद्रित फाइलीत चित्राच्या आत दडवून पाठवलेला संवादांचा मजकूर शोधून, तो वेळेच्या नोंदींसह साध्या मजकुराच्या स्वतंत्र सबटायटल फाइलीत उतरवण्याची क्रिया. अशी फाइल बहुधा एसआरटी प्रकारची असते. कॅप्शन पाठवण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेतील एटीएससी पद्धतीच्या डिजिटल प्रसारणाची आणि त्यातही एमपेग-२ चित्र असलेल्या मुद्रणाची आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेत क्लोज्ड कॅप्शनचे नियमित प्रसारण १६ मार्च १९८० रोजी सुरू झाले. त्या वेळच्या ॲनालॉग चित्रातील २१ व्या ओळीवर कॅप्शनची माहिती पाठवली जाई. ही ओळ पडद्याच्या दृश्य भागाबाहेर राहत असल्याने प्रेक्षकाला ती दिसत नसे. सुरुवातीला तो मजकूर वाचण्यासाठी वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. १९९० च्या कायद्यामुळे १ जुलै १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या संचांत वाचनयंत्रणा अंगभूत असणे सक्तीचे झाले. प्रसारण डिजिटल झाल्यावर २१ वी ओळ उरली नाही, पण तिच्यावरचे बाइट तसेच पुढे चालू राहिले. आजच्या फाइलीतून कॅप्शन काढताना प्रत्यक्षात वाचली जाते ती बहुतेक वेळा १९८० मधलीच संकेतभाषा. म्हणून या नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

मजकुराची जागा : मुद्रित फाइल उघडून तिच्यात सबटायटलचा स्वतंत्र प्रवाह शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि फाइलीत कॅप्शन नाहीतच असा त्याचा समज होतो. कॅप्शन चित्राच्या प्रवाहातच असतात. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्रासोबत वापरकर्त्याच्या माहितीसाठी एक कप्पा ठेवलेला आहे. त्याच्या आरंभी `GA94` ही चार अक्षरांची खूण असते आणि तिच्यामागे तीन-तीन बाइटांचे तुकडे येतात. तुकड्यातला पहिला बाइट प्रकार सांगतो, उरलेले दोन माहिती देतात. `ffprobe` या आज्ञेने फाइल तपासली की चित्रप्रवाहाच्या ओळीत `Closed Captions` हे शब्द दिसतात. ते दिसले तर पुढचे काम करण्याजोगे आहे.

ते न दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे फाइल मूळ प्रसारणाची नसणे. चित्र नव्याने एन्कोड करताना पुष्कळ साधने हा कप्पा टाकून देतात. एचडीएमआय तारेतून या कॅप्शनची माहिती जातच नाही, त्यामुळे त्या तारेवरून केलेल्या मुद्रणात ती कधीच नसते. सेट-टॉप बॉक्सने अक्षरे चित्रावर रंगवून दिली असतील, तर ती वाचण्यासाठी अक्षरओळख हाच मार्ग उरतो. मूळ `.ts` फाइल जपून ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

संकेतभाषा : २१ व्या ओळीच्या पद्धतीत एका फ्रेममध्ये एका फील्डचे दोनच बाइट येतात. बाइटातले सात अंश माहितीचे आणि आठवा विषम समतेचा, म्हणजे चूक पकडण्याचा. पडदा १५ ओळींचा आणि ३२ रकान्यांचा धरला आहे. अक्षरांबरोबर आज्ञाही येतात, आणि प्रत्येक आज्ञा सुरक्षिततेसाठी दोनदा पाठवली जाते. `RAIN IN OHIO` एवढी एक कॅप्शन पुढीलप्रमाणे येते :

```
9420 9420 9470 9470
52c1 49ce 2049 ce20 4fc8 494f
942f 942f
```

`9420` ही आज्ञा सांगते की पुढचा मजकूर पडद्यावर न दाखवता अदृश्य स्मृतीत भरावा. `9470` जागा ठरवते : सर्वांत खालची, पंधरावी ओळ, डाव्या कडेपासून. मधल्या ओळीत दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या आहेत आणि मोकळी जागाही त्यांत अक्षर म्हणून मोजली आहे. शेवटच्या `942f` ने अदृश्य स्मृती पडद्यावर येते. नंतर केव्हातरी `942c` येते आणि पडदा पुसला जातो. फाइलीत तयार वाक्ये ठेवलेली नसून पडदा चितारण्याच्या सूचना ठेवलेल्या आहेत. कॅप्शन काढणारा प्रोग्राम त्या सूचना क्रमाने अमलात आणतो आणि पडद्यावर प्रत्येक वेळी काय दिसले ते लिहून घेतो.

अक्षरसंच आस्कीसारखा दिसतो, पण पूर्ण तसा नाही. आस्कीत उलटी तिरपी रेघ जिथे आहे तिथे येथे `é` आहे, आणि तारकेच्या जागी `á`. स्पॅनिश नावांच्या मध्येच `\` किंवा `*` दिसू लागले, तर साधनाने अक्षरसंच चुकीचा लावला आहे असे समजावे.

क्रम लावणे : ही या कामातली कळीची पायरी आहे. एमपेग-२ मध्ये काही चित्रे आपल्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही चित्रांवर अवलंबून असतात. म्हणून नंतरचे चित्र फाइलीत आधी पाठवावे लागते. कॅप्शनच्या जोड्या मात्र दाखवण्याच्या क्रमाने चित्रांना जोडलेल्या असतात. वरच्या सहा जोड्या एका गटातल्या सहा चित्रांवर आल्या आणि ती चित्रे फाइलीत २, ०, १, ५, ३, ४ या क्रमाने ठेवलेली आहेत असे धरू. फाइलीच्या क्रमानेच वाचत गेल्यास हाती येते ते असे :

```
RAIN IN OHIO   (दाखवण्याचा क्रम)
 IRAINION OH   (फाइलीतला क्रम)
```

शब्द मोडले आहेत, पण प्रत्येक जोडी आतून शाबूत आहे. हीच या दोषाची ओळख. प्रसारणाच्या संकेतात बिघाड असेल तर अक्षरे गळतात किंवा बदलतात. क्रम चुकला असेल तर सगळी अक्षरे हजर असतात, फक्त दोन-दोनच्या तुकड्यांनी इकडची तिकडे झालेली असतात. उपाय असा की चित्रासोबत असलेला गटातला अनुक्रमांक पाहून जोड्या साठवाव्यात आणि गट पुरा झाल्यावर ओळीने लावाव्यात. आज्ञांच्या जोड्याही याच क्रमात असतात, त्यामुळे ही पायरी चुकल्यास मजकुराबरोबर वेळाही बिघडतात.

वेळ काढणे : प्रसारणातील चित्रांवर दाखवण्याची वेळ सेकंदाला ९०,००० ठोके पडणाऱ्या घड्याळाने लिहिलेली असते. मुद्रण सुरू होते तेव्हा हे घड्याळ शून्यावर नसते, म्हणून पहिल्या चित्राची वेळ सर्वांतून वजा करावी लागते. समजा पहिल्या चित्राची वेळ ४,५०,००,००० ठोके, `942f` आली त्या चित्राची ४,६१,०७,००० आणि `942c` आली त्याची ४,६३,२३,०००. पहिला फरक ११,०७,००० ठोके, म्हणजे १२.३ सेकंद. दुसरा १३,२३,००० ठोके, म्हणजे १४.७ सेकंद. एसआरटी फाइलीत नोंद होते ती अशी :

```
1
00:00:12,300 --> 00:00:14,700
RAIN IN OHIO
```

सेकंद आणि सहस्रांश यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो आणि प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ मोकळी सोडतात. येथे आरंभाची वेळ `942f` ची घेतली आहे, पहिल्या अक्षराची नव्हे. पहिल्या आज्ञेपासून `942f` पर्यंत दहा जोड्या जातात, म्हणजे सुमारे एक तृतीयांश सेकंद. दोन पूर्ण ओळींची कॅप्शन भरायला तर सव्वा सेकंदाहून अधिक लागतो. अक्षरे आली तीच वेळ धरणारे साधन सर्व कॅप्शन आधी दाखवते, आणि मोठी कॅप्शन छोटीपेक्षा जास्त आधी. सगळ्या वेळा एकाच मापाने सरकवून हा दोष जात नाही.

हे घड्याळ ३३ अंशांचे आहे आणि सुमारे साडेसव्वीस तासांनी पुन्हा शून्यावर येते. मुद्रण छोटे असले तरी तो क्षण नेमका त्याच्या मध्यात पडू शकतो. एका ठिकाणापासून पुढच्या सर्व वेळा एकाएकी अवाढव्य किंवा ऋण झाल्या तर प्रथम हे पाहावे. जाहिराती कापायच्या असतील तर आधी चित्रफाइल कापावी आणि मगच कॅप्शन काढाव्यात. उलट केल्यास प्रत्येक कापलेल्या जागेनंतर वेळेचा फरक वाढत जातो.

थेट प्रसारण : बातम्या आणि खेळ यांच्या कॅप्शन बहुधा सरकत्या प्रकारच्या असतात. त्यांत अदृश्य स्मृती वापरली जात नाही. अक्षरे थेट पडद्यावर उमटतात आणि ओळ संपली की सर्व ओळी एक घर वर सरकतात. पडदा जसाच्या तसा लिहून घेतला तर तीन ओळींच्या मांडणीत प्रत्येक वाक्य तीन नोंदींत येते : आधी खालच्या ओळीत, मग मधल्या, मग वरच्या. पाहण्यासाठी ते योग्य आहे. शोधण्यासाठी किंवा वाचण्यासाठी मजकूर हवा असल्यास एका वेळी एकच नवी ओळ लिहिण्याचा पर्याय निवडावा. कॅप्शन लिहिणारा निवेदन ऐकून टंकत असल्याने मजकूर आवाजाच्या काही सेकंद मागे असतो. हा विलंब प्रसारणातलाच आहे. तो कमी-जास्त होत राहतो, म्हणून ठराविक वजाबाकीने पूर्णपणे भरून निघत नाही. अभ्याससंग्रहासाठी तो तसाच ठेवलेला बरा, कारण प्रेक्षकापुढे मजकूर केव्हा आला याचा तो पुरावा असतो.

साधने : सीसीएक्स्ट्रॅक्टर हे मुक्त साधन या कामासाठीच बनलेले आहे. ते कार्लोस फर्नांडेझ सान्झ यांनी सुरू केले. क्रम लावणे आणि वेळ काढणे ही दोन्ही कामे ते स्वतः करते.

```
ccextractor batmya.ts -o batmya.srt
```

एवढ्याने पहिल्या फील्डमधली मुख्य कॅप्शन मिळते. स्पॅनिश मजकूर असल्यास तो पुष्कळदा दुसऱ्या फील्डमध्ये असतो आणि त्यासाठी `--output-field 2` द्यावे लागते. एफएफएमपेगनेही हे काम होते :

```
ffmpeg -f lavfi -i "movie=batmya.ts[out0+subcc]" -map s batmya.srt
```

या मार्गाने सगळे चित्र डीकोड करावे लागते, म्हणून वेळ जास्त लागतो. चित्रे डीकोड होऊन योग्य क्रमाने बाहेर येत असल्याने जोड्यांचा क्रम मात्र आपोआप लागतो.

गळती : हवेतून घेतलेल्या मुद्रणात संकेत क्षणभर तुटला तर त्या चित्रांबरोबर त्यांच्यावरच्या जोड्याही जातात. अक्षरे गेली तर शब्दात खाच पडते आणि ती लगेच दिसते. `942f` च्या दोन्ही प्रती गेल्या तर अख्खी कॅप्शन पडद्यावर येतच नाही. पुढची कॅप्शन बहुधा स्मृती पुसून सुरुवात करते, त्यामुळे हरवलेल्या मजकुराचा मागमूस उरत नाही. ही गळती मजकूर वाचून कळत नाही. दोन नोंदींमधले लांब अंतर शोधून तिथला आवाज ऐकावा लागतो.

सीईए-७०८ : डिजिटल प्रसारणासाठी ठरवलेली नवी पद्धत. तिच्यात अधिक अक्षरे, खिडक्या आणि रंग आहेत. तिची माहिती त्याच कप्प्यात, वेगळ्या प्रकारच्या तुकड्यांतून येते. साध्या मजकुराच्या फाइलीत यांतले थोडेच उतरते.

एच.२६४ : रचना तीच. माहिती एसईआय संदेशात असते.

इतर पद्धती : युरोपात टेलिटेक्स्टमधून आलेला मजकूर थेट मिळतो. डीव्हीबी सबटायटल मात्र चित्ररूप असल्याने त्यांना अक्षरओळख लागते. २१ व्या ओळीच्या अक्षरसंचात देवनागरी नाही.