झोतभट्टीची उंची आणि अमोनियाचा तराजू

मंडळी, आज आपण एका नियमाचा इतिहास बघणार आहोत. अकरावी-बारावीत तो आपण सगळेच पाठ करतो. समतोलात असलेल्या रासायनिक अभिक्रियेवर बाहेरून काही बदल लादला, तर ती अभिक्रिया त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेने सरकते. याला ल शातेलिएचा नियम म्हणतात. ऐकायला सोपा वाटतो, पण तो कशातून निघाला आणि कुठे अडखळतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

आँरी ल शातेलिए हा पॅरिसचा खाणकाम-अभियंता होता. सिमेंट, भट्ट्या, तापमान मोजण्याची साधनं, अशा धंद्यातल्या गोष्टींत त्याचं आयुष्य गेलं. त्याने हा नियम १८८४ साली मांडला आणि १८८८ मध्ये सोप्या शब्दांत पुन्हा लिहिला. तापमानापुरता असाच विचार हॉलंडच्या व्हान्ट हॉफनेही १८८४ मध्येच मांडला होता. या नियमाचा उपयोग पटवण्यासाठी ल शातेलिएने जे उदाहरण दिलं ते लोखंडाच्या झोतभट्टीचं. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा वायू लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो. पण धुराड्यातून बराच कार्बन मोनॉक्साइड न वापरताच निघून जातो. इंधन फुकट गेलं म्हणायचं. कारखानदारांना वाटलं की वायूला खनिजाशी पुरेसा वेळ मिळत नाही, तेव्हा भट्ट्या उंच करू या. इंग्लंडमध्ये त्या तीस मीटरपर्यंत चढल्या. बाहेर पडणाऱ्या वायूचं प्रमाण मात्र काही कमी झालं नाही. ल शातेलिए तिरकसपणे म्हणतो की ही अभिक्रिया एका मर्यादेवर थांबते, हे कळायला लाखो फ्रँकचा प्रयोग करावा लागला. समतोलाचे नियम ठाऊक असते तर ते फार स्वस्तात कळलं असतं.

इथे चूक कसली होती, ते नीट बघा. अभिक्रिया हळू चालते म्हणून अपुरी राहणं वेगळं, आणि समतोलाला पोचली म्हणून थांबणं वेगळं. पहिल्या दुखण्यावर जास्त वेळ हे औषध आहे. दुसऱ्यावर वेळेचा काहीच उपयोग नाही, तिथे परिस्थितीच बदलावी लागते. या अभिक्रियेपुरतं बोलायचं तर दाब वाढवूनही फारसं साधत नाही, कारण वायूचा जितका रेणू आत जातो तितकाच बाहेर येतो.

आता अमोनियाकडे येऊ. इथे दाबाला खरा अर्थ आहे.

N2 + 3H2 ⇌ 2NH3

डावीकडे वायूचे चार रेणू, उजवीकडे दोन. दाबलं की गर्दी कमी करणारी बाजू, म्हणजे अमोनियाची बाजू, वरचढ ठरते. शिवाय अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढवलं की समतोल उलटा, मागे सरकतो. म्हणजे नियम काय सांगतो? दाब भरपूर ठेवा आणि थंड ठेवा. एक भाग नायट्रोजनला तीन भाग हायड्रोजन घेतला, तर २०० अंश सेल्सिअस आणि १०० वातावरण दाबाला समतोलात सुमारे ऐंशी टक्के अमोनिया असतो. ६०० अंशांना, तेवढ्याच दाबाला, जेमतेम साडेचार टक्के.

मग २०० अंशांवरच का नाही करत? कारण तिथे नायट्रोजन हलायलाच तयार नसतो. त्याच्या दोन अणूंमधला बंध फार पक्का आहे. समतोल ऐंशी टक्क्यांवर असेल हो, पण तिथे पोचायला लागणारा काळ कोणाच्या कामाचा नाही. नियम दिशा सांगतो, वेग सांगत नाही. उत्प्रेरक वेग वाढवतो, पण समतोलाची जागा तसूभरही हलवत नाही. म्हणून सगळी कसरत अशी होते की उत्प्रेरक काम करील इतकं तापमान ठेवायचं आणि त्यात बुडालेला अमोनिया दाबाने भरून काढायचा.

हे ल शातेलिएला स्वतःलाच कळलं होतं. १९०१ मध्ये त्याने सुमारे ६०० अंश आणि २०० वातावरण दाबावर, लोखंड घालून हाच प्रयोग केला. उपकरणात हवा शिरली होती. हवेतला ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र आले, स्फोट झाला आणि त्याचा साहाय्यक थोडक्यात वाचला. त्याने तो नाद सोडला. पुढे म्हातारपणी, ही संधी हातची जाऊ दिली ही आपल्या शास्त्रीय आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्याने नोंदवून ठेवलं.

जर्मनीत फ्रित्झ हाबरने हाच धागा धरला. १९०४–०५ च्या सुमारास साध्या दाबाला, सुमारे हजार अंशांवर त्याला मिळालेला अमोनिया इतका नगण्य होता की तो विषय तिथेच संपायचा. पण १९०७ मध्ये वाल्थर नेर्न्स्टने त्याच्या आकड्यांना जाहीर आव्हान दिलं. ईर्ष्येने पेटून हाबरने रॉबर्ट ल रोसिन्योलच्या साथीने दाब वाढवून मोजमापं केली. १९०९ च्या जुलैत ऑस्मियम हा उत्प्रेरक वापरून, सुमारे दोनशे वातावरण दाबावर, अमोनिया सलग थेंब थेंब पडताना त्यांनी दाखवला. ६०० अंश आणि २०० वातावरण दाबाला समतोलात फक्त आठ टक्क्यांच्या आसपास अमोनिया असतो. मग हे परवडलं कसं? त्यांनी अमोनिया थंड करून द्रवरूपात बाजूला काढला आणि उरलेला वायू पुन्हा उत्प्रेरकावरून फिरवला. पदार्थ काढून घेतला की समतोल भरपाईला पुढे सरकतो. तीच गोष्ट चक्राकार करून टाकली. कार्ल बॉश आणि मिट्टाश यांनी पुढे लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला.

आता जो भाग मला स्वतःला फार आवडतो, तो सांगतो. नियमाच्या शब्दांत एक गफलत दडलेली आहे. 'समतोल विरोध करतो' असं आपण म्हणतो, जणू अभिक्रियेला मन आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला ती भाषा पहिल्यापासून खटकते. १९११ मध्ये पॉल एरेनफेस्टनेही या नियमाच्या मोघम मांडणीवर टीका केली होती. तिचा धोका एका उदाहरणात बघू.

भांड्याला सरकतं झाकण आहे, त्यामुळे दाब स्थिर राहतो. समतोलात नायट्रोजन सहा भाग, हायड्रोजन एक आणि अमोनिया एक, एकूण आठ. मी आणखी दोन भाग नायट्रोजन घातला. पाठ केलेला नियम म्हणेल, नायट्रोजन कमी करायला समतोल पुढे जाणार. हिशेब करून बघू. स्थिर दाबाला पाहायचं गुणोत्तर असं: अमोनियाचा वर्ग गुणिले एकूणचा वर्ग, भागिले नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन. आधी चौसष्ट भागिले सहा, म्हणजे १०.७. घातल्यावर शंभर भागिले आठ, म्हणजे १२.५. गुणोत्तर समतोलाच्या किमतीहून वाढलं, म्हणजे अमोनिया गरजेपेक्षा जास्त ठरला. तो मोडणार आणि आणखी नायट्रोजन तयार होणार!

कारण असं की नायट्रोजन घातला तेव्हा झाकण वर सरकलं, जागा वाढली आणि इतर वायू विरळ झाले. विरळपणा जास्त रेणूंच्या बाजूला झुकतं माप देतो, आणि मिश्रणात नायट्रोजन निम्म्याहून जास्त असला की हा परिणाम वरचढ ठरतो. नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन, अमोनिया एक असा समतोल घेऊन त्यात एक भाग नायट्रोजन टाकला, तर ते गुणोत्तर ०.९३ वरून ०.६७ वर उतरतं आणि समतोल पुढेच जातो. बंद, पक्क्या भांड्यात तर नायट्रोजन कितीही घाला, दिशा पुढचीच. म्हणून काय घातलं एवढं विचारून भागत नाही, ते घालताना दाब स्थिर होता की जागा, हेही विचारावं लागतं.